‘जेवण कसं वाटतं?’ असं विचारू नकोस

पत्र

ताई, मी अमरावतीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलला यंदा मेस सेक्रेटरी आहे. आम्ही २२० जणी आहोत. गेल्या वर्षीच्या कमिटीने गूगल फॉर्म काढला होता. चव, स्वच्छता, व्हरायटी आणि तक्रारींची दखल, प्रत्येकाला पाचपैकी गुण द्यायचे. सगळ्याची सरासरी ३ च्या आसपास आली. वॉर्डन मॅडम म्हणाल्या, “म्हणजे बरं आहे की!” काँट्रॅक्टर काका म्हणाले, “एवढ्या पोरींना घरची चव कुठून आणू?” आणि मुली म्हणतात, फॉर्म भरून काय होतं. पुढच्या महिन्यात मला नवा फॉर्म काढायचाय. नेमके काय प्रश्न विचारू?
— मेस सेक्रेटरी, अमरावती

उत्तर

तुझ्या काकांची बाजू आधी घेते, कारण त्यांच्या हातात ‘चव : ३’ असा कागद दिला तर ते उद्या सकाळी करणार काय? मीठ वाढवायचं, तिखट कमी करायचं, कणीक जास्त मळायची की आचारी बदलायचा? त्या आकड्यातून काहीच कळत नाही. म्हणून प्रश्न लिहिताना प्रत्येकाला एकच कसोटी लाव: याचं उत्तर आलं की काकांनी, मॅडमनी किंवा तू दुसऱ्या दिवशी काय वेगळं करायचं ते कळतंय का? कळत नसेल तर प्रश्न खोडून टाक. गेल्या वर्षीचे चारही प्रश्न या कसोटीत उडतील.

आता मी काही वर्षं रेक्टर म्हणून मेस जवळून पाहिली आहे, त्यामुळे तुझ्या फॉर्ममधला पहिला प्रश्न मीच ठरवून देते. तो चवीचा नाही. तो असा: ‘काल रात्री किती वाजता जेवलीस? आठच्या आधी, आठ ते पावणेनऊ, की पावणेनऊनंतर?’

हे का, ते एका उदाहरणातून बघ. समजा मेस साडेसात ते साडेनऊ असते. पोळ्या साडेपाचपासून लाटायला घेतात, कारण साडेसातला दारात रांग लागते तेव्हा शे-दीडशे पोळ्या तयार हव्यात. त्या डब्यात एकावर एक रचल्या जातात, वाफेने घामेजतात आणि मग वातड होतात. म्हणजे लवकर येणाऱ्या मुलीला दोन तासांपूर्वीची पोळी मिळते आणि नऊ वाजता येणारीला तव्यावरची. वरणाचं मात्र नेमकं उलटं. कुकर एकदाच लागतो, सहा वाजता. पहिल्या मुलींना दाट, फोडणीचा वास असलेलं वरण मिळतं. पातेलं तळाला गेलं आणि रांग संपली नाही की त्यात गरम पाण्याचा जग रिकामा होतो. वाढणाऱ्या मावशींचा यात दुष्टपणा नसतो. सव्वानऊला ताट घेऊन समोर उभ्या राहिलेल्या मुलीला ‘संपलं’ असं सांगायची त्यांच्यावर वेळ येते, म्हणून त्या आपल्या परीने मार्ग काढतात.

आता गुण बघ. लवकर जेवणाऱ्या ६० जणींनी पोळीला २ आणि वरणाला ४ दिले. उशिरा जेवणाऱ्या ६० जणींनी पोळीला ४ आणि वरणाला २ दिले. दोन्हीची सरासरी ३. दोन वेगवेगळ्या तक्रारी एकमेकींना खाऊन बसल्या आणि वर वॉर्डन मॅडमना ‘बरं आहे’ असं म्हणायची सोय झाली. तुमच्या ३ च्या पोटात हेच दडलं असेल असं मी म्हणत नाही, पण वेळ विचारली नाही तर ते कधीच कळणार नाही. वेळ विचारलीस की उत्तरांचे तीन गठ्ठे कर आणि प्रत्येक पदार्थ गठ्ठ्यानुसार मोज. काम तासाभराचं आहे.

आणि मग काकांशी बोलणं किती सोपं होतं बघ. ‘वरण बेचव असतं’ असं म्हटलं की ते आचाऱ्याच्या हाताची महती सांगतात. ‘पावणेनऊनंतर जेवणाऱ्या ४० पैकी ३१ जणींनी वरण पाणचट होतं असं लिहिलंय, आठच्या आधीच्या ४० पैकी फक्त चौघींनी’ असं म्हटलं की बोलणं आपोआप कुकरच्या वेळेवर येतं. आठ वाजता दुसरा छोटा कुकर लावायचा, पोळ्या साडेसहाला सुरू करून दोन तवे ठेवायचे, हे उपाय त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतात.

इथे एक खाचखळगा आहे. पाणी वेळेमुळे घातलं जातंय की डाळच कमी पडतेय, हे उत्तरांवरून कळत नाही. त्यासाठी कोठीची वही बघायला लागेल. वरणाला माणशी साधारण ३० ते ४० ग्रॅम तूरडाळ धरतात. २२० मुलींना म्हणजे साडेसहा ते पावणेनऊ किलो. त्या रात्री जितके खाडे होते तितक्या मुली वजा कर. वहीत पाच किलोच निघाली असेल तर कितीही कुकर लावा, शेवटच्या मुलींना पाणीच मिळणार. उलट डाळ पुरेशी निघाली असेल आणि तरी पातेलं संपत असेल, तर खाडा सांगून पुन्हा जेवायला आलेल्यांचा हिशोब तपास. मुलींना हे ऐकायला आवडत नाही, पण खाडा दुपारी चारला कळवण्यापेक्षा सकाळी दहाच्या आत कळवला तर अंदाज बराच सुधारतो.

आता चव. चवीला गुण देऊ नकोस, शब्द दे. मीठ: कमी, बरोबर, जास्त. तिखट: कमी, बरोबर, जास्त. पोळी: मऊ, वातड, कच्ची, करपलेली. भात: मोकळा, गिच्च, कणी राहिलेला. प्रश्न ‘काल रात्री’बद्दल विचार, ‘साधारणपणे’ असं विचारू नकोस. ‘साधारणपणे’ म्हटलं की मुलगी महिन्याभरातली सगळ्यात वाईट भाजी आठवते, नाहीतर रविवारचं श्रीखंड आठवते, आणि त्यावर खूण करते.

तिखटाच्या उत्तरात जवळजवळ हमखास दोन तट पडतील. यवतमाळची मुलगी ‘कमी’वर खूण करेल आणि पुण्याकडून आलेली ‘जास्त’वर. हा दोष नाही, आणि आचाऱ्याला मध्यममार्ग काढायला सांगितलास तर दोघीही नाराज होतील. अशा वेळी भाजी बेताची तिखट ठेवून टेबलावर ठेचा किंवा लाल चटणी ठेवायची. पण मिठाच्या बाबतीत असे दोन तट पडले तर तो दोष आहे. मग घाण्यानुसार मीठ कमीजास्त पडतंय, म्हणजे कोणीतरी अंदाजाने मुठीने टाकतंय. तेव्हा पुन्हा वेळेचे गठ्ठे काढून बघ.

चवीचा माझा आवडता प्रश्न मात्र वेगळाच आहे: ‘काल ताटातलं काय टाकलंस?’ मत द्यायला मुलीला विचार करावा लागतो, टाकलेली दुधी तिला बरोबर आठवते. सोबत चार दिवस खरकट्याच्या बादलीत डोकाव. भांडी घासायच्या जागेवर उभं राहिलं की दहा मिनिटांत कळतं की मुली भात टाकताहेत की पोळीच्या कडा. कडा टाकत असतील तर पोळी कडेला जाड लाटली जातेय आणि तिथे कच्ची राहतेय. हे मत नाही, हे बादलीत दिसतं.

स्वच्छतेचा प्रश्न सगळ्यात जास्त चुकतो. ‘स्वयंपाकघर स्वच्छ आहे का?’ असं विचारलं तर ज्या मुली कधी आत गेल्याच नाहीत त्याही उत्तर देतात. मग उत्तर चवीवरून येतं: भाजी आवडली तर स्वच्छ, नाही आवडली तर घाण. मुलीला फक्त तिच्या डोळ्यांसमोरचं विचार. ताट ओलं किंवा तेलकट होतं का? पाण्याच्या ग्लासला वास होता का? बेसिनवरचा साबण संपला होता का? टेबल पुसायचं फडकं घाण होतं का? अन्नात केस, किडा, खडा निघाला का? निघाला असल्यास कशात? आणि प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय ठेव: ‘हो’, ‘नाही’, ‘लक्ष नव्हतं’. हा तिसरा पर्याय नसेल तर घाईत जेवून गेलेली मुलगीही ‘नाही’वर खूण करते आणि सगळं कसं छान दिसतं.

‘अन्न स्वच्छ आणि ताजं असतं का?’ असा जोडप्रश्न तर अजिबात नको. ताजं पण अस्वच्छ असेल तर मुलीने काय लिहायचं?

आतली तपासणी फॉर्मवर होत नाही, ती कमिटीने न सांगता जाऊन करायची. मॅडमची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेव, दिवस मात्र सांगू नकोस. आत गेल्यावर सगळं बघायला जाऊ नकोस, चार गोष्टी बघ. भिंतीवर एफएसएसएआयचा परवाना किंवा नोंदणी लावलेली असते, तिचा क्रमांक १४ आकडी असतो. तो कोणाच्या नावावर आहे आणि अजून वैध आहे का ते बघ. कधी कधी परवाना काकांच्या दुसऱ्याच खानावळीचा निघतो. दुसरं, अन्न हाताळणाऱ्या सगळ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, त्याचे दाखले माग. तिसरं, एक साधा अन्नाचा थर्मामीटर घेऊन वाढायच्या पातेल्यात बुडव. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवं, त्याखाली जंतू वाढायला लागतात. नऊ वाजताचा भात किती अंशांवर आहे ते बघितलंस तर तुलाच आश्चर्य वाटेल.

चौथी गोष्ट सकाळच्या फोडणीच्या भाताची. मुलींना तो आवडतो, फॉर्ममध्ये त्याला भरपूर गुण मिळतील, आणि नेमका तोच पदार्थ मला काळजीचा वाटतो. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवून मरत नाहीत. रात्रीचा भात पातेल्यात झाकून ओट्यावर तसाच राहिला तर ते वाढतात आणि त्यातले काही जंतू असं विष तयार करतात की सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी ते जात नाही. म्हणून ‘फोडणीचा भात आवडतो का?’ हा प्रश्न काढून टाक आणि रात्री साडेदहाला जाऊन बघ, उरलेला भात पसरट थाळ्यांत निववून फ्रिजमध्ये गेला की पातेल्यातच आहे. चवीची पसंती आणि सुरक्षितता वेगळ्या ठेवाव्या लागतात त्या यासाठी.

यालाच जोडून: ‘महिन्याभरात पोट बिघडलं होतं का?’ हा प्रश्न फॉर्ममध्ये टाकू नकोस. महिन्याने विचारलं तर निम्म्या जणी ‘हो’ म्हणतील, त्यात पाणीपुरी असते, परीक्षेची धास्ती असते, पाळी असते. काका ते सगळं पाणीपुरीवर ढकलतील आणि तुझ्याकडे उत्तर नसेल. पोटाच्या तक्रारीसाठी रेक्टरच्या टेबलावर वेगळी वही ठेव आणि ज्या दिवशी त्रास झाला त्याच दिवशी त्यात लिहायला सांग: आदल्या दोन-तीन दिवसांत काय काय खाल्लं, मेसमध्ये आणि बाहेर, शेवटचं जेवण किती वाजता, त्रास किती वाजता सुरू झाला, उलटी की जुलाब की दोन्ही, ताप आहे का. बऱ्याच जणींना एकाच रात्री जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर शिजवून बाहेर राहिलेल्या अन्नातल्या विषावर संशय जातो. साल्मोनेलासारख्या जंतूंना सहा तासांपासून काही दिवसही लागतात, म्हणजे दोष काल रात्रीच्या नव्हे तर परवाच्या जेवणाचा असू शकतो. निदान तू करायचं नाही, ते डॉक्टर करतील. पण त्यांना आणि गरज पडली तर अन्न व औषध प्रशासनाला दाखवायला ही वही लागते. रोजच्या प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, तारीख लिहून फ्रिजमध्ये निदान २४ तास ठेवायला काकांना सांग. त्यांचाही त्यात फायदाच आहे, कारण नमुना निर्दोष निघाला तर आळ टळतो.

व्हरायटीबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यातलं बरंचसं विचारायचं नाहीच, मोजायचं आहे. गेल्या १४ जेवणांत खरोखर काय वाढलं ते रोज फळ्याचा फोटो काढून न ठेवता ताटाचा फोटो काढून ठेव. फळ्यावर व्हेज कोल्हापुरी, मिक्स व्हेज, व्हेज माखनवाला अशी तीन नावं असतात आणि तिन्हींच्या खाली कांदा-टोमॅटोचा तोच एक लाल रस्सा असतो. मुलींना एवढंच विचार: ‘नावं वेगळी पण चव तीच, अशा कोणत्या दोन भाज्या वाटल्या?’ आणि ‘कोणती भाजी आठवड्यात दोनदा आली तरी चालेल?’ दुसरा प्रश्न मुद्दाम ठेव, काकांच्या कामाचा आहे. मटकीची उसळ किंवा पिठलं बहुतेकींना दोनदा चालतं आणि ते स्वस्तही पडतं.

‘मेनूमध्ये काय हवं?’ असा मोकळा प्रश्न ठेवलास तर पनीर, पावभाजी आणि चायनीज येणार, आणि काका दर वाढवून मागणार. त्याऐवजी त्याच पैशातला पर्याय विचार. ‘आठवड्यात एकदा पनीर आणि इतर दिवशी एकच भाजी, की पनीर नाही पण रोज एक सुकी आणि एक रस्साभाजी?’ असं विचारलं की मुली खरंच विचार करून खूण करतात. काकांबरोबर बसून आधी खात्री कर की दोन्ही पर्याय त्यांना त्याच दरात परवडतात. नाहीतर निकाल लागल्यावर ते माघार घेतील आणि तुझी पत जाईल.

बहुमताचा धोकाही इथेच आहे. २२० पैकी १५ जणी कांदा-लसूण खात नसतील, काही गुरुवारचा उपवास करत असतील, एखादीला डॉक्टरांनी शेंगदाणा वर्ज्य केला असेल. मतदानात त्या नेहमी हरणार. त्यांच्यासाठी वेगळी ओळ ठेव: ‘तुला अमुक खाता येत नाही म्हणून गेल्या आठवड्यात किती वेळा अर्धं जेवून उठलीस?’ त्या उत्तरांची टक्केवारी काढू नकोस. तिथे पाच जणी असल्या तरी त्या पाचजणींचं काम करायचं आहे.

आता राहिला तक्रारींचा भाग. ‘तक्रारींची दखल घेतली जाते का?’ असं विचारलं की ज्यांनी कधी तक्रार केलीच नाही त्याही गुण देतात. पहिला प्रश्न असा असू दे: ‘गेल्या महिन्यात तक्रार करावीशी वाटली, पण केली नाहीस, असं झालं का?’ आणि पुढे कारणं दे: कोणाला सांगायचं माहीत नव्हतं, सांगून उपयोग होत नाही असं वाटलं, वाढणाऱ्यांना वाईट वाटेल म्हणून, ‘तूच कशी नाजूक’ असं ऐकावं लागेल म्हणून, तेवढ्यासाठी वहीपर्यंत कोण जाणार म्हणून. या कारणांवर उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्यावर एक पाटी पुरते. शेवटच्यावर तक्रारवही रेक्टरच्या खोलीतून काढून ताटं ठेवायच्या जागी दोरीने बांधायची. ‘ऐकावं लागेल’वर बऱ्याच खुणा आल्या तर मात्र विषय मॅडमकडे न्यायचा, तो मेस कमिटीच्या आवाक्यातला नाही.

ज्यांनी तक्रार केली त्यांना शेवटच्या तक्रारीबद्दल विचार. कशाबद्दल होती, कोणाला सांगितली, पुढे काय झालं: लगेच ताट बदलून मिळालं, काही दिवसांत फरक पडला, ‘बघतो’ म्हणाले, काहीच झालं नाही, की उलट बोलणी बसली. आणि एक छोटा पण मोलाचा प्रश्न: ‘काय केलं ते तुला कोणी येऊन सांगितलं का?’ बऱ्याचदा काम झालेलं असतं. ग्लास बदललेले असतात, गाळणी नवी आलेली असते, पण जिने तक्रार केली तिला पत्ता नसतो, म्हणून ती चार मैत्रिणींना सांगते की काही होत नाही. वहीत उजवीकडे दोन रकाने आख, ‘काय केलं’ आणि ‘तारीख’. तीन दिवस रकाना रिकामा राहिला की ती ओळ मॅडमच्या टेबलावर जायची, असं लेखी ठरवून घे.

माणसांच्या नावाने प्रश्न नको. ‘कोणत्या मावशी नीट वाढत नाहीत?’ असं विचारलंस तर काका आधी त्या मावशीला काढतील, कारण ते सगळ्यात स्वस्त पडतं, आणि वरणात पाणी पडतच राहील. दुसरी पोळी मागितल्यावर मिळते का, असं काम विचार.

फॉर्म भरून घ्यायची पद्धत. महिन्याला एक लांब फॉर्म काढण्यापेक्षा ठरावीक आठवड्यात चार रात्री हातात मावेल एवढी कागदी चिठ्ठी दे, ताट ठेवायच्या जागी पेन आणि खोका ठेव. तोंडात चव असते तेव्हाच मुली खरं लिहितात. खोलीत जाऊन मोबाइलवर फॉर्म भरणाऱ्या बहुतेक रागावलेल्या असतात, नाहीतर तुझ्या मैत्रिणी. चिठ्ठीवर सहा-सात खुणा आणि एक रिकामी ओळ, एवढंच. स्वच्छतेचे प्रश्न एका रात्री, ताटातल्या टाकण्याचा दुसऱ्या रात्री, असे फिरवून विचार. सणाचा किंवा परीक्षेचा आठवडा टाळ, आणि रविवारची रात्र मोजू नकोस, बऱ्याच होस्टेलांत तेव्हा मेस बंदच असते. तक्रारींचे आणि व्हरायटीचे प्रश्न मात्र गूगल फॉर्ममध्ये ठेव, तिथे जरा विचार करून लिहायचं असतं.

गूगल फॉर्म काढताना ईमेल गोळा करायची सोय बंद आहे ना ते बघ. नाव विचारलं नाही तरी वर्ष, शाखा आणि मजला असे तिन्ही विचारलेस तर ‘तिसरं वर्ष, मेकॅनिकल, दुसरा मजला’ म्हणजे कोण ते सगळ्यांना कळतं, कारण त्या वर्गात मुलीच पाच असतात. जेवायची वेळ विचार, बाकी काही नको. तुझ्या उपयोगाची ओळख तेवढीच आहे.

मुली हमखास रिकाम्या ओळीत लिहितील की काका भातात सोडा टाकतात. प्रत्येक होस्टेलमध्ये हे लिहिलेलं असतं. त्याची टक्केवारी काढून मीटिंगमध्ये वाचू नकोस, ते फॉर्मने सिद्ध होत नाही आणि त्यावरच बोलणं भरकटतं. फारच चर्चा असेल तर दोघीजणी एका संध्याकाळी भात लावताना आत उभ्या राहा.

निकाल लागला की तो काकांना मॅडमसमोर पहिल्यांदा दाखवू नकोस, आदल्या दिवशी एकटं गाठून दाखव. चारचौघांत आकडे समोर आले की माणूस बचावाला उभा राहतो. एकटं असताना तेच काका म्हणतील, “आठला दुसरा कुकर लावायला एक बाई जास्त लागेल, ती साडेनऊपर्यंत थांबणार कशी, घरी जायला ऑटो मिळत नाही.” हे तुला कुठल्याही फॉर्मवर कळलं नसतं, आणि अडचण तिथेच असू शकते. मग मीटिंगमध्ये फक्त तीन गोष्टी मांड: दुसरा कुकर, खाड्याची वेळ, वहीची जागा. प्रत्येकीपुढे कोणाचं काम आणि कोणत्या तारखेपर्यंत ते लिही, सह्या घे आणि तो कागद मेसच्या दारावर लाव. दीड महिन्याने पुन्हा त्याच चिठ्ठ्या, तेच प्रश्न, शब्दही बदलू नकोस, नाहीतर पावणेनऊनंतरचं वरण सुधारलं की नाही ते ताडून बघता येणार नाही.